चित्र पाहून चिनी परिच्छेद कसा लिहावा: प्राथमिक लेखी परीक्षेसाठी कनेक्टरची निवड आणि मांडणी

ठाण्यात स्टेशनजवळच्या एका वर्गात मी चिनी भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. त्याच्या लेखी परीक्षेत शेवटचा प्रश्न असा होता: एक चित्र, खाली दिलेली पाच उभयान्वयी अव्यये, त्यांपैकी किमान तीन वापरून ८० ते १०० अक्षरांचा परिच्छेद, आणि वेळ अर्धा तास. या अव्ययांना आमच्या वर्गात सगळे कनेक्टर म्हणत, म्हणून पुढेही तोच शब्द वापरते. पहिल्या सराव परीक्षेत मी पाचही कनेक्टर मोठ्या हौसेने वापरले आणि निम्म्याहून कमी गुण घेऊन घरी आले. वाक्यांतली अक्षरे बहुतेक बरोबर होती. चुकले होते ते कनेक्टरचे चित्राशी असलेले नाते. त्यानंतर ज्या क्रमाने मी सराव केला, तोच क्रम येथे दिला आहे.

एक खुलासा आधी करते. एचएसके या चिनी सरकारमान्य परीक्षेच्या आजवर चालत आलेल्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथ्या पातळीला चित्र आणि एक शब्द देऊन फक्त एक वाक्य लिहायला सांगतात. साधारण ८० अक्षरांचा चित्रवर्णनाचा परिच्छेद पाचव्या पातळीला येतो. मात्र शिकवणी वर्ग, शाळा आणि महाविद्यालये यांच्या स्वतःच्या प्राथमिक परीक्षांत असा परिच्छेद बऱ्याच लवकर विचारला जातो, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. कनेक्टरची यादी आणि अक्षरमर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असू शकते, तेव्हा आपल्या परीक्षेची मागची एखादी प्रश्नपत्रिका आधी मिळवून पाहा.

## १. जवळ काय असावे

सरावासाठी चौकटींचा कागद घ्या. आमच्या उत्तरपत्रिकेत एका ओळीत २० चौकटी होत्या, म्हणून मी गणिताच्या वहीत रुळाने मोठ्या चौकटी आखून घेतल्या. गडद पेन्सिल, चांगला खोडरबर आणि हातात घड्याळ एवढे पुरते. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र आणि फोटो असलेले ओळखपत्र लागते.

याखेरीज एक पुठ्ठ्याचे कार्ड तयार करा. त्याच्या एका बाजूला कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला त्या कनेक्टरने बनलेले, तुम्हाला तोंडपाठ असलेले एकच पूर्ण वाक्य लिहा. सुटा कनेक्टर पाठ केला, तर परीक्षेत तो वाक्यात नेमका कुठे बसतो हे आठवत नाही. वाक्य पाठ असले, की जागा आपोआप आठवते.

## २. आधी चित्र वाचा, मग कनेक्टर निवडा

आमच्या परीक्षेत दिलेले पाच कनेक्टर हे होते. उच्चार केवळ ओळखीसाठी देवनागरीत दिले आहेत.

```
有的……有的……      यौ-त… यौ-त…
一边……一边……      यी-प्येन… यी-प्येन…
因为……所以……      यिन-वेय… स्वो-यी…
虽然……但是……      स्वेय-रान… तान-श…
先……然后……        श्येन… रान-हौ…
```

मराठीत यांचे अर्थ अनुक्रमे असे होतात: काही जण अमुक करतात, तर काही जण तमुक, एकीकडे हे, एकीकडे ते, अमुक असल्यामुळे तमुक, जरी… तरी, आणि आधी हे, मग ते.

चित्रात सकाळची एक बाग होती. काही माणसे धावत होती, काही ताई-ची करत होती. मोठ्या झाडाखाली खुर्चीवर एक आजोबा बसले होते; त्यांच्या एका हातात चहाचा पेला आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. तळ्याच्या काठावर दोन मुले पतंग उडवत होती आणि झाडाची पाने वाऱ्याने एका बाजूला झुकलेली होती.

आता प्रत्येक कनेक्टरसाठी चित्रात पुरावा शोधा. धावणारे आणि ताई-ची करणारे असे दोन गट आहेत, म्हणून पहिला कनेक्टर बसतो. आजोबा एकटेच एकाच वेळी दोन कामे करत आहेत, म्हणून दुसराही बसतो. झुकलेली पाने आणि उंच गेलेला पतंग यांत कारण आणि परिणाम दिसतो, म्हणून तिसरा बसतो.

चौथ्यासाठी चित्रात विरोध दिसला पाहिजे. पाऊस पडतो आहे तरी मुले खेळत आहेत, असे काही असते तर तो छान बसला असता. या चित्रात तसे काहीच नाही. मी मात्र ओढूनताणून लिहिले होते की आजोबा म्हातारे आहेत तरी ते चहा पितात, आणि त्या वाक्याशेजारी बाईंनी मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. पाचवा कनेक्टर तर सर्वांत फसवा आहे. एकाच चित्रातल्या सगळ्या गोष्टी एकाच क्षणी चाललेल्या असतात, त्यांत आधी आणि मग असे काही नसते. तो कनेक्टर चार चौकटींच्या चित्रकथेसाठी जपून ठेवावा.

तीन वापरायला सांगितले असतील, तर तीनच चांगले वापरा. या टप्प्याला पाच मिनिटे द्या आणि कच्च्या कागदावर प्रत्येक कनेक्टरपुढे मराठीत दोनच शब्द लिहा: धावणारे / ताई-ची; चहा / पेपर; वारा / पतंग.

## ३. ‘आहे’ हा शब्द चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहावा लागतो

मराठी माणसाच्या चिनी परिच्छेदातल्या चुकांपैकी सर्वांत जास्त चुका कनेक्टरमुळे होत नाहीत, त्या ‘आहे’मुळे होतात. आपण म्हणतो, हे चित्र आहे. बागेत माणसे आहेत. आजोबा बागेत आहेत. हवा छान आहे. मराठीत क्रियापद एकच. चिनीत मात्र ही चार वाक्ये अशी होतात:

```
这是一张图片。
公园里有很多人。
老人在公园里。
天气很好。
```

पहिल्या वाक्यात ओळख करून दिली आहे, तिथे 是 (श) येते. दुसऱ्यात जागा आधी आणि तिथे काय आहे ते नंतर, म्हणून 有 (यौ). तिसऱ्यात माणूस आधी आणि तो कुठे आहे ते नंतर, म्हणून 在. याचा उच्चार ‘चाय’ असा, पण त्यातला च ‘चमचा’ या शब्दातला. हा उच्चार मराठी जिभेवर आधीच असल्यामुळे आपल्याला तो शिकावा लागत नाही. चौथ्या वाक्यात विशेषण आहे, आणि तिथे ‘आहे’साठी वेगळा शब्दच नाही, विशेषणाच्या आधी 很 (हन) येते आणि वाक्य पूर्ण होते. साध्या वर्णनात 天气是很好 असे लिहिले, तर ते मराठीतून उचललेले आहे हे तपासणाऱ्याला लगेच कळते.

चित्रवर्णनात सर्वांत उपयोगी पडणारे वाक्य दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि त्याचा आरंभ मराठीसारखाच होतो: बागेत…, झाडाखाली…, तळ्याकाठी…. जागेपासून सुरुवात केली, की पुढचा शब्द 有 असणार हे ठरलेलेच. त्यानंतर संख्या, मग मापशब्द आणि मग वस्तू किंवा माणूस. मापशब्द विसरू नका: आदराने म्हाताऱ्या माणसासाठी 一位, मुलासाठी 一个, खुर्चीसाठी 一把, कुत्र्यासाठी 一只, चित्रासाठी 一张. ‘दोन’ लिहिताना मापशब्दाआधी 二 येत नाही, 两 येते. म्हणून दोन मुले म्हणजे 两个孩子.

## ४. कनेक्टर वाक्यात कुठे बसतो

येथे जरा थांबून वाचा, कारण अर्थ बरोबर असूनही गुण जातात ते जागेमुळे.

कारण सांगणारी जोडी घ्या. मराठीत आपण बहुधा परिणाम आधी सांगतो: पतंग उंच उडतो आहे, कारण वारा खूप आहे. चिनी परिच्छेदात या जोडीचा नेहमीचा क्रम कारण आधी आणि परिणाम नंतर असा आहे. म्हणून मनात वाक्य ‘कारण’ने न रचता ‘म्हणून’ने रचा: वारा खूप आहे, म्हणून पतंग उंच उडतो आहे. मग दोन्ही भागांच्या आरंभी जोडीचा एकेक शब्द ठेवा. दुसरा शब्द 所以 हा कर्त्याच्या आधीच येतो. मराठीत ‘पतंग म्हणून उंच उडतो आहे’ असे बोलण्याच्या ओघात चालून जाते. चिनीत चालत नाही.

```
चूक:   因为今天风很大，风筝所以飞得很高。
बरोबर: 因为今天风很大，所以风筝飞得很高。
```

जरी-तरीच्या जोडीबाबत आपण भाग्यवान आहोत. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी जोडीतला दुसरा शब्द हमखास गाळतो, कारण इंग्रजीत तिथे एकाच शब्दावर काम भागते. मराठीत ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ आपोआप येतोच. तेव्हा ही जोडी वापरायची असेल, तर थेट मराठीतून विचार करा, मध्ये इंग्रजी आणू नका.

एकीकडे-एकीकडे या जोडीचे दोन नियम आहेत. करणारा एकच असला पाहिजे, आणि तो पहिल्या 一边च्या आधी एकदाच लिहायचा. दोन्हीकडे क्रिया असली पाहिजे. खुश असणे किंवा उंच असणे ही स्थिती झाली, ती येथे बसत नाही. मराठीत ‘एकीकडे मुले पतंग उडवत होती, एकीकडे आजोबा चहा पीत होते’ असे सहज लिहितो, म्हणून ही चूक हातून होते:

```
चूक:   孩子一边放风筝，老人一边喝茶。
बरोबर: 老人一边喝茶，一边看报纸。
```

आणि शेवटी ‘आणि’. 和 (ह) हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि त्याचा अर्थ ‘आणि’ असा पाठ झाल्यामुळे आपण त्याने वाक्ये जोडायला लागतो. तो जोडतो नामे: आई आणि बाबा, चहा आणि पाणी. ‘मुले खेळतात आणि आजोबा बसले आहेत’ यातला ‘आणि’ चिनीत 和 होत नाही. तिथे स्वल्पविराम द्या किंवा वाक्य तोडून नवे सुरू करा. माझ्या त्या पहिल्या उत्तरपत्रिकेत हा शब्द चार वेळा लाल वर्तुळात होता.

## ५. परिच्छेद उभा करणे

आता कच्च्या टिपणावरून परिच्छेद लिहू. पहिले वाक्य ओळखीचे, दुसरे वातावरणाचे आणि जागेचे, मग दुरून जवळ येत एकेक गट. बागेत खूप माणसे आहेत हे सांगून झाल्यावरच ‘काही जण’ म्हणता येते. म्हणून 有的ची जोडी कधीही पहिल्या वाक्यात ठेवू नका.

```
这是一张公园的图片。今天天气很好，公园里有很多人。
有的人在跑步，有的人在打太极拳。
大树下面有一把椅子，一位老人坐在椅子上，
一边喝茶，一边看报纸。
湖边有两个孩子，他们在放风筝。
因为今天风很大，所以风筝飞得很高。
```

मराठीत याचा आशय असा: हे एका बागेचे चित्र आहे. आज हवा छान आहे, बागेत खूप माणसे आहेत. काही जण धावत आहेत, काही जण ताई-ची करत आहेत. मोठ्या झाडाखाली एक खुर्ची आहे, एक आजोबा खुर्चीवर बसले आहेत आणि चहा पिता पिता वर्तमानपत्र वाचत आहेत. तळ्याकाठी दोन मुले आहेत, ती पतंग उडवत आहेत. आज वारा खूप असल्यामुळे पतंग उंच उडतो आहे.

येथे वाचायला सोपे जावे म्हणून ओळी तोडल्या आहेत. उत्तरपत्रिकेत हा एकच सलग परिच्छेद असतो. विरामचिन्हे सोडून यात ९१ अक्षरे आहेत. क्रिया चालू आहे हे दाखवण्यासाठी क्रियापदाआधी 在 आले आहे, आणि सबंध परिच्छेद तसाच चालू क्षणात राहिला आहे. चित्राचे वर्णन करताना मध्येच ‘धावले’, ‘प्यायले’ अशा पूर्ण झालेल्या क्रियांकडे वळू नका.

पतंगाचा शब्द 风筝 आठवला नाही, तर काय करावे? त्यातले दुसरे अक्षर नवख्याला जड जाते. अशा वेळी चुकीचे अक्षर लिहिण्यापेक्षा मुले खेळत आहेत एवढेच लिहा आणि कारणाचे वाक्य त्याला जुळवून घ्या:

```
湖边有两个孩子，他们在玩。
因为今天天气很好，所以他们很高兴。
```

वाक्य साधे झाले, पण कनेक्टर टिकला आणि जोडी शाबूत राहिली. फक्त हवा छान असल्याचा उल्लेख वर एकदा होऊन गेला आहे, तेवढी पुनरावृत्ती खटकत असेल, तर परिच्छेदाच्या वरच्या दुसऱ्या वाक्यातून तो काढून टाका; मात्र तेवढी अक्षरे कमी होतात, म्हणून मर्यादा पुन्हा मोजा.

## ६. चौकटीत उतरवताना

परिच्छेदाच्या आरंभी दोन चौकटी रिकाम्या सोडतात. प्रत्येक अक्षराला एक चौकट, आणि स्वल्पविराम व पूर्णविराम यांनाही प्रत्येकी एक. पूर्णविराम म्हणजे छोटे गोल 。, आपला टिंबाचा नव्हे. स्वल्पविराम किंवा पूर्णविराम नव्या ओळीच्या पहिल्या चौकटीत येऊ देत नाहीत. ओळ संपत असेल, तर तो आधीच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत अक्षराबरोबरच बसवतात. वरच्या परिच्छेदात ९१ अक्षरे, १३ विरामचिन्हे आणि दोन रिकाम्या चौकटी मिळून १०६ होतात, म्हणजे २० चौकटींच्या पाच ओळी भरून सहाव्या ओळीत सहा चौकटी.

नुसत्या वस्तूंची यादी देताना चिनीत वेगळा तिरका ठिपका 、 वापरतात. वाक्यांच्या मध्ये तो येत नाही.

## ७. शेवटची पाच मिनिटे

अर्ध्या तासातली पाच मिनिटे चित्राला, पाच टिपणाला, पंधरा लेखनाला आणि राहिलेली पाच तपासणीला ठेवा. तपासताना परिच्छेद नुसता पुन्हा वाचू नका, कारण आपले डोळे आपल्या चुका झाकून टाकतात. त्याऐवजी एकेका गोष्टीसाठी वेगळी फेरी घ्या.

पहिल्या फेरीत प्रत्येक कनेक्टरच्या पहिल्या शब्दाखाली बोट ठेवा आणि त्याचा जोडीदार शोधा. दुसऱ्या फेरीत फक्त 是 शोधा, आणि त्याच्यापुढे विशेषण दिसले, तर 是 खोडा. तिसऱ्या फेरीत सारखी दिसणारी किंवा सारखी ऐकू येणारी अक्षरे पाहा. 在 आणि 再 या दोहोंचा उच्चार एकच, पण दुसऱ्याचा अर्थ ‘पुन्हा’. 太极拳मधल्या पहिल्या अक्षराचा ठिपका सुटला, तर ते 大, म्हणजे ‘मोठा’, होते. पतंग उंच ‘उडतो’ यातले 得 हे 的 नव्हे. दोन्ही ‘तं’सारखी ऐकू येतात, म्हणून घाईत दुसरे लिहिले जाते. क्रियापदानंतर ती क्रिया कशी होते हे सांगणारे 得, आणि ‘बागेचे चित्र’ यातल्या ‘चे’साठी 的.

## ८. सरावासाठी चित्रे कुठून आणावीत

छापील चित्रे लवकर संपतात. मी तलावपाळीला संध्याकाळी जाऊन बसत असे. मासुंदा तलावात बोटी, काठावर फिरणारी आणि खाणारी माणसे, कट्ट्यावर गप्पा मारणारे आजी-आजोबा. पाच मिनिटे पाहायचे, दोन-दोन शब्दांची टिपणे करायची आणि घरी येऊन घड्याळ लावून लिहायचे. नवी मुंबईत राहत असाल, तर वाशीच्या सागर विहारला किंवा सेक्टरमधल्या कोणत्याही बागेत हेच करता येईल. नावांच्या फंदात पडू नका. ‘भेळ’ चिनीत कशी लिहावी यात अर्धा तास घालवण्यापेक्षा 吃东西, म्हणजे काहीतरी खाणे, एवढे पुरते.

```
湖上有几条小船，湖边有很多人。
有的人在散步，有的人在吃东西。
```

दर वेळी वर्गातल्या एखाद्याला बरोबर न्या. दोघांनी एकच दृश्य पाहून वेगवेगळे लिहा आणि वह्या बदलून तपासा. माझ्या मैत्रिणीने एकदा तलावावर 虽然…但是… वापरून दाखवले: अंधार पडला होता, तरी काठावर खूप माणसे होती.

```
虽然天黑了，但是湖边还有很多人。
```

मी त्याच कट्ट्यावर तिच्याशेजारी बसले होते आणि तो विरोध मला दिसलाच नव्हता. पुढच्या सरावात मी टिपणाच्या कागदावर प्रत्येक कनेक्टरसमोर एक रिकामी ओळ सोडून ठेवली, आणि चित्रात त्याचा पुरावा सापडल्यावरच ती भरायची असे ठरवले.